कागद घरी आले, पण बोजा उतरला का?

मी पोहरादेवीहून बोलतेय. मानोरा तालुक्यातल्या बचत गटांचं काम मी पाहते, त्यामुळे बँकेच्या पायऱ्या चढणं-उतरणं माझं नेहमीचंच. आज तुम्हाला एका घराच्या कागदांची गोष्ट सांगणार आहे. कर्ज पूर्ण फिटलं, कागद घरी आले, आणि खरी कटकट त्यानंतर सुरू झाली, अशी ती गोष्ट आहे.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही, आपण त्यांना थोरल्या ताई म्हणू. त्यांच्या नावावर दोन गुंठ्यांचा अकृषक प्लॉट आहे, खरेदीखत करून घेतलेला. जून २०१६ मध्ये त्या प्लॉटवर घर बांधायला त्यांनी एका बँकेतून साडेतीन लाखांचं कर्ज घेतलं. बँकेने प्लॉटचे मूळ कागद ठेवून घेतले. ताईंनी एक हप्ता चुकवला नाही. ५ ऑक्टोबर २०२३ ला शेवटचा हप्ता भरला, तीन आठवड्यांत कागदांची फाइल हातात आली. फाइल ट्रंकेत गेली, ट्रंकेला कुलूप लागलं.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ताईंनी ठरवलं, की रामनवमीच्या यात्रेआधी घराच्या पुढच्या बाजूला शेड टाकायचं आणि खानावळ सुरू करायची. आपल्याकडे यात्रेला किती माणूस येतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्यासाठी दुसऱ्या एका बँकेत दोन लाखांचा अर्ज केला. त्या बँकेच्या वकिलाने शोध घेतला आणि सांगितलं, "या प्लॉटवर पहिल्या बँकेचा बोजा अजून उभा आहे. तो उतरल्याशिवाय कर्ज मिळणार नाही."

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा फाइल छातीशी धरलेली होती. म्हणाल्या, "कागद भेटले ना मले, पैसा फिटला, मंग आता राह्यलं काय?"

राहिलं काय, तेच आज समजून घेऊ. त्यासाठी आधी कागद ठेवून कर्ज घेतो तेव्हा नेमकं काय होतं ते पाहू.

जमीन किंवा घर गहाण ठेवण्याचे कायद्यात वेगवेगळे प्रकार आहेत. एका प्रकारात गहाणखत लिहून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात. दुसऱ्या प्रकारात मालकीचे मूळ कागद सावकाराच्या, म्हणजे इथे बँकेच्या, हाती द्यायचे आणि "हे कर्जासाठी तारण" असा हेतू ठेवायचा. झालं गहाण. याला हक्कलेख ठेवून केलेलं गहाण म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे, त्याच्या कलम ५८ मध्ये हा प्रकार दिला आहे. घरकर्जासाठी बँका बहुतेक वेळा हीच पद्धत वापरतात.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, मालकीचा कागद म्हणजे ज्या कागदामुळे मालमत्ता तुमची झाली तो. खरेदीखत, बक्षीसपत्र, नोंदलेलं वाटणीपत्र हे मालकीचे कागद. सात-बारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे सरकारी नोंदीचे उतारे आहेत, ते कितीही वेळा नव्याने काढता येतात. म्हणून बँक उतारे तर मागतेच, पण तिचा जीव असतो तो मूळ खरेदीखतात. दुसरी गोष्ट, हे कागद सरकारने ठरवून दिलेल्या शहरांतच ठेवता येतात. मालमत्ता मात्र कुठेही असू शकते. त्यामुळे कर्ज गावच्या शाखेचं असलं, तरी कागद द्यायला कधी कधी शहरातल्या शाखेत बोलावतात. तसं बोलावलं तर घाबरू नका.

कागद देताना बँकेकडून यादी घ्यायचीच. कोणता कागद, किती पानं, मूळ की नक्कल, दस्त क्रमांक काय, तारीख काय, आणि खाली बँकेचा शिक्का. थोरल्या ताईंकडे अशी यादी होती. खरेदीखत, त्याची सूची दोन, आधीच्या मालकाचं खरेदीखत, अकृषक आदेश आणि सात-बारा, असे पाच कागद. म्हणून परत घेताना पाचही मोजून घेता आले. तुमच्याकडे यादी नसेल, तर शाखेत लेखी अर्ज देऊन मागा. कर्ज चालू असतानासुद्धा मागता येते.

आता मुद्द्याचं. कागद बँकेच्या कपाटात गेले, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? एखादा माणूस कागद हरवल्याचं सांगून नकला काढेल, आणि तीच जागा दुसऱ्याला विकेल किंवा दुसऱ्या बँकेत ठेवेल. असे प्रकार झाले, म्हणून या गहाणाची नोंद व्हावी असे नियम आले. आज आपल्याकडे बँकेचा बोजा तीन ठिकाणी दिसू शकतो.

पहिलं ठिकाण दुय्यम निबंधक कार्यालय, जिथे आपण खरेदीखतं करतो तेच. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून नियम असा आहे, की कागद ठेवण्याबाबत करार लिहिला असेल तर तो नोंदवावा लागतो. करार लिहिलेला नसेल, तर गहाण ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची सूचना द्यावी लागते. तिला नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात. त्यात कर्जदार कोण, बँक कोणती, रक्कम किती, व्याज किती, कोणते कागद ठेवले आणि मालमत्ता कोणती, हे सगळं असतं. ही सूचना द्यायची जबाबदारी कायद्याने कर्ज घेणाऱ्यावर टाकली आहे आणि ती न दिल्यास शिक्षेची तरतूद आहे. बँका हे काम ऑनलाइन करून देतात, आपण फक्त सही करतो. तेव्हा सही करून झाल्यावर त्या सूचनेची प्रत मागून घ्या.

दुसरं ठिकाण सात-बारा. त्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. तिथे बँकेचं नाव, रक्कम आणि फेरफार क्रमांक लिहिला जातो. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका असेल, तर ही नोंद भूमी अभिलेख कार्यालय त्या पत्रिकेवर घेतं.

तिसरं ठिकाण आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलंही नसेल. त्याचं नाव सेरसाई. ही दिल्लीची केंद्रीय नोंदवही आहे, २०११ पासून सुरू असलेली. देशातल्या बँका आपलं तारण तिथे संगणकावर नोंदवतात. पानठेल्यावर जशी उधारीची वही असते, तशी ही सगळ्या देशाची वही समजा. फरक एवढाच, की ही वही कोणालाही किरकोळ शुल्क भरून cersai.org.in वर पाहता येते. दुसरी बँक कर्ज देण्याआधी ही वही हमखास उघडते.

म्हणजे कागद एका ठिकाणी असतात, आणि नोंदी तीन ठिकाणी. बँकेने कागद परत दिले म्हणून त्या नोंदी आपोआप जात नाहीत. प्रत्येक नोंद जिथे चढली तिथे जाऊन उतरवावी लागते. थोरल्या ताईंच्या बाबतीत कागद पाचही परत आले होते, पण तिन्ही नोंदी जागेवर होत्या. बँकेने आपल्या संगणकात खातं बंद केलं, सेरसाईला कळवलंच नाही. ताईंना बँकेने बेबाकी दाखला दिला, पण तो तलाठ्याकडे न्यायचा असतो हे कोणी सांगितलं नाही.

मग आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगते.

पहिल्यांदा पहिल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला. तोंडी बोललेलं बँकेत टिकत नाही. अर्जात कर्ज खाते क्रमांक, कर्ज फिटल्याची तारीख आणि तीन मागण्या लिहिल्या. सेरसाईत कर्जफेडीची नोंद करा, तलाठ्याच्या नावे बोजा कमी करण्याचं पत्र द्या, आणि गहाण संपल्याचं मुक्ततेचं पत्र आमच्या नावे द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ती पोच पुढे सोन्यासारखी कामाला आली. शाखेचे साहेब बदलून गेले होते आणि नवीन साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोच दाखवली तेव्हाच फाइल हलली.

सेरसाईचं काम बँकेनेच करायचं असतं, आपल्याला ते करता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने तिथे कळवायचं, असा कायदा आहे. शाखेने ते वरच्या कार्यालयाला पाठवलं आणि मार्च संपता संपता ती नोंद उतरली. आम्ही तोंडी शब्दावर थांबलो नाही. नोंद उतरल्याचा छापील कागद बँकेकडून मागून घेतला.

मग सात-बारा. बँकेचं पत्र घेऊन ताई तलाठ्याकडे गेल्या. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडात तलाठीच बसलंय. पहिलं पत्र परत आलं. कारण पत्रात फक्त "पोहरादेवी येथील प्लॉट" एवढंच लिहिलं होतं. कोणत्या गटातला, कितवा प्लॉट, बोजा कोणत्या फेरफाराने चढला, काहीच नाही. पुन्हा बँकेत जाऊन नवीन पत्र आणलं. तुम्ही पत्र घेताना शाखेतच वाचा. गट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्र, बोजाची रक्कम आणि जुना फेरफार क्रमांक, हे सगळं त्यात हवं. जुना फेरफार क्रमांक सात-बाऱ्याच्या इतर अधिकार रकान्यातच लिहिलेला सापडतो.

दुसरं पत्र दिल्यावर फेरफार नोंदला गेला. फेरफार नोंदला की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात आणि तेव्हाच सात-बाऱ्यावरून बोजा जातो. हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो, बोजा कमी करणे असा प्रकार त्यात आहे. पण पत्र बरोबर नसेल, तर ऑनलाइन अर्जही परतच येतो. ताईंचा फेरफार २४ एप्रिलला मंजूर झाला.

राहिलं दुय्यम निबंधक कार्यालय. इथे एक गोष्ट समजून घ्या. तिथली जुनी नोंद कधी खोडली जात नाही. २०१६ ची सूचना पुढे कितीही वर्षांनी शोध घेतला तरी दिसणारच. म्हणून ती संपल्याचा पुरावा आपल्याजवळ असावा लागतो. ताईंच्या बाबतीत करार नोंदलेला नव्हता, फक्त सूचना होती. तेव्हा नवीन बँकेच्या वकिलाने मूळ कागद, मुक्ततेचं पत्र आणि सेरसाईचा कागद पाहून मान्य केलं. पण तुमचा करार किंवा गहाणखत नोंदलेलं असेल, तर बँकेने गहाण संपल्याचं लिहून द्यावं आणि तेही नोंदवून द्यावं, असं मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्ये तो दिला आहे. त्याचा खर्च आपल्याला करावा लागतो. पण पुढे जागा विकताना किंवा मुलांच्या नावे करताना तो कागद नसला, तर तेव्हाच्या धावपळीपेक्षा आजचा खर्च परवडतो.

रामनवमी १७ एप्रिलला होती. ताईंचा सात-बारा २४ ला कोरा झाला. कर्ज मंजूर झालं, शेड उभं राहिलं, पण त्या वर्षीची यात्रा गेली ती गेली. एका पत्रात गट नंबर राहिला आणि एका नोंदीकडे कोणी पाहिलं नाही, त्याची ही किंमत.

मग भरपाई मिळते का? ताईंना नाही मिळाली, पण तुम्हाला मिळू शकते. तो फरक नीट ऐका.

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला एक आदेश काढला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवहीत असलेला बोजाही काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. समजा तुम्ही १ तारखेला कर्ज फेडलं आणि ३० दिवसांच्या मुदतीनंतर १० दिवसांनी काम झालं, तर ५०,००० रुपये होतात. हा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून देय होणाऱ्या कागदांना लागू आहे. ताईंनी कर्ज ऑक्टोबरमध्ये फेडलं, त्यांची ३० दिवसांची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपली होती. म्हणून तो आदेश त्यांच्या कामी आला नाही.

कागद बँकेकडून हरवले किंवा खराब झाले, तर प्रमाणित नकला काढून देण्यात बँकेने मदत करायची, खर्चही बँकेनेच करायचा. त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे, याची पद्धतही प्रत्येक बँकेने ठरवून जाहीर करायची आहे. घरधनी गेल्यावर बँकेत हेलपाटे घालणाऱ्या बायांनी ही पद्धत शाखेत मागायची.

पण या आदेशाची हद्द ओळखा. तो व्यक्तिगत कर्जांसाठी आहे. घरकर्ज आणि शिक्षणकर्ज त्यात येतात. पीककर्ज किंवा धंद्याचं कर्ज त्यात येत नाही. त्या कर्जांतही कागद परत मिळण्याचा हक्क असतोच, फक्त रोजच्या ५,००० रुपयांचा दावा या आदेशावरून करता येत नाही. सेवा सहकारी सोसायटीचं पीककर्ज तर वेगळ्याच वाटेने जातं. तिथे इकरार करून सात-बाऱ्यावर बोजा चढतो, खरेदीखत ठेवावं लागत नाही. तो उतरवायलाही सोसायटीचा दाखला आणि फेरफार लागतोच.

बँकेकडे तक्रार दिली आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, की बँकेला लेखी कधी दिलं? म्हणून ती पोच जपायची.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते, मग थांबते.

पहिली गटाच्या बायांसाठी. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटाच्या कर्जासाठी कोणी तुमच्या घराचं खरेदीखत मागितलं, तर ते देऊ नका, आधी गटाच्या बैठकीत सांगा.

दुसरी खासगी देवघेवीची. कागद ठेवून कर्ज घेणं वेगळं आणि कर्जासाठी खरेदीखत करून देणं वेगळं. कागद ठेवले तरी मालक तुम्हीच राहता, पैसे फेडले की कागद परत मागण्याचा हक्क तुमचा. खरेदीखत करून दिलं की कागदावर मालक समोरचा होतो, मग तोंडी काहीही ठरलेलं असो. "नुसती सही करा, पैसे दिले की परत फिरवून देतो," असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

आज घरी गेल्यावर एक काम करा. ज्यांचं घरकर्ज फिटलंय त्यांनी ट्रंक उघडा. मूळ कागद बँकेच्या यादीशी जुळतात का, पाहा. मुक्ततेचं पत्र आहे का, पाहा. मग ताजा सात-बारा काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. त्यात इतर अधिकाराच्या रकान्यात बँकेचं नाव अजून आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. आणि सेरसाईतली नोंद उतरली का, ते शाखेत लेखी विचारा.

तिन्ही ठिकाणी बँकेचं नाव नसेल किंवा ते संपल्याचा पुरावा तुमच्या हातात असेल, तरच कर्ज खऱ्या अर्थाने फिटलं. एका जरी ठिकाणी अडकलं असेल, तर सात-बारा आणि बँकेचं पत्र घेऊन पुढच्या बैठकीला या. अर्ज आपण तिथेच बसून लिहू.